एका पोत्याची तीन उत्तरं

*प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवते. पोषण आहाराच्या फळ्यावर रोजच्या ताटातली प्रथिनं लिहायची, असं मी ठरवलं. हैदराबादच्या नव्या तक्त्यावरून 100 ग्रॅम तांदूळ आणि 20 ग्रॅम तूरडाळ मिळून 12.28 ग्रॅम येतात, म्हणजे 12 ग्रॅमची अट पूर्ण होते. आमच्या सरांकडच्या जुन्या पुस्तकावरून तेच 11.26 येतात, म्हणजे अट हुकते. अमेरिकेच्या तक्त्यात तर तांदूळ 7.13 दिलाय. पोतं तेच, मुलं तीच, मग उत्तरं तीन कशी? मी फळ्यावर कोणता आकडा लिहू? – एक शिक्षिका*

ताई,

फळ्यावर "सुमारे 11 ते 14 ग्रॅम" असं लिहा. दशांश चिन्ह नको. हे 11 आणि 14 कुठून आले ते खाली सविस्तर सांगते, कारण ते कळलं की पुढच्या वेळी कोणत्याही धान्याचा असा पट्टा तुम्हालाच काढता येईल.

तुमचे तिन्ही आकडे बरोबर आहेत. ज्यांनी ते काढले त्यांच्यासमोर जो तांदूळ होता, त्याचे ते आहेत. तुमच्या शाळेतलं पोतं मात्र त्या तिघांपैकी कुणीच उघडलेलं नाही. तक्त्यातल्या आकड्याकडे पाहताना एवढी गोष्ट मनात ठेवली की पुढचा गोंधळ बराच कमी होतो.

आधी दोन भारतीय आकड्यांचं भांडण मिटवू. सरांकडचं जुनं पुस्तक आणि 2017 चा नवा तक्ता, दोन्ही हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचेच. जुन्यात गिरणीत सडलेल्या तांदळाला 6.8 ग्रॅम प्रथिनं आहेत, नव्यात 7.94. आता त्याच ओळीत शेजारचा रकाना बघा, पाण्याचा. जुन्या तांदळात 100 ग्रॅमला 13.7 ग्रॅम पाणी होतं, नव्यात 9.93. म्हणजे जुन्या नमुन्यात पाण्याचा वाटा मोठा, म्हणून बाकी सगळ्याचा वाटा थोडा कमी. जुना तांदूळ नव्याइतकाच सुकवला असता तर त्याची प्रथिनं 6.8 वरून साधारण 7.1 वर गेली असती. दोन आकड्यांमधलं अंतर 1.14 ग्रॅमचं आहे, त्यातला पाव हिस्सा निव्वळ ओलाव्यानं खाल्ला. तुमच्या कोठीतलं पोतं पावसाळ्यात हवेतली ओल धरतं आणि मार्च-एप्रिलमध्ये सुकतं, तेव्हा हा फरक तुमच्याकडेही वर्षभर खालीवर होत असतो. मी फळ्यावर दशांश नको म्हटलं त्याचं हे पहिलं कारण.

उरलेला पाऊण हिस्सा तांदळाचा स्वतःचा आहे.

भाताच्या वाणावाणांत प्रथिनं खूप बदलतात. कटकच्या राष्ट्रीय भात संशोधन संस्थेनं "सीआर धान 310" नावाचा वाण मुद्दाम प्रथिनांसाठी तयार केला. सडलेल्या तांदळातही त्यात 10.3 टक्के प्रथिनं असतात, एरवीच्या प्रचलित वाणांत 7 ते 8. म्हणजे दोन पोती, दोन्हींवर "तांदूळ" असंच लिहिलेलं, आणि एकात दुसऱ्याच्या दीडपट प्रथिनं, हे शक्य आहे. तुमच्याकडे येतो तो सरकारी खरेदीचा तांदूळ. तो पंजाबातून आलाय, छत्तीसगडमधून की भंडारा-गोंदियाच्या भरडाईतून, हे पोत्यावरच्या शिक्क्यावरून कधीकधी समजतं. आत कोणते वाण आहेत हे मात्र मिलवाल्यालाही सांगता येत नाही. खरेदी केंद्रावर शंभर शेतकऱ्यांचं धान एका ढिगात गेलेलं असतं.

वाण एक असला तरी खाचर बदललं की प्रथिनं बदलतात. प्रथिनं बनायला नत्र लागतंच, आणि दाण्यातलं बहुतेक नत्र पानांतून आणि काडीतून येतं. भात निसवायच्या आधी झाडानं जमिनीतून जे नत्र उचलून पानांत साठवलेलं असतं, तेच दाणा भरताना लोंबीकडे वळतं. म्हणून तर लोंबी पिकत जाते तशी पानं पिवळी पडतात. जमिनीत त्या वेळी नत्र कमी असलं तर दाण्यातही कमी येतं. पोटरीच्या सुमारास किंवा त्यानंतर युरियाचा हप्ता मिळाला तर दाण्यातली प्रथिनं चढतात. पण सुरुवातीलाच सगळा युरिया टाकून पीक जोरात वाढवलं, फुटवे भरपूर आले, दाणे भरपूर लागले, तर तेच नत्र जास्त दाण्यांत वाटलं जातं. दाण्यात पिष्ट भरत राहतं आणि प्रथिनांचा टक्का खाली येतो. उतारा चांगला पडला त्या वर्षी प्रथिनं उतरलेली दिसतात ती यामुळेच. उलट दाणा भरताना ऊन तापलं किंवा पाणी तुटलं तर पिष्ट कमी भरतं, दाणा बारीक राहतो आणि टक्का वर जातो. त्या शेतकऱ्याचं नुकसान झालेलं असतं, पण तक्त्यात त्याचा तांदूळ जास्त पौष्टिक दिसतो.

मी पुण्यात एका प्रयोगशाळेत बरीच वर्षं धान्यं तपासली. मावळातले एक शेतकरी एकदा इंद्रायणीच्या दोन पिशव्या घेऊन आले होते. बियाणं एकच, लावणीही एकाच आठवड्यातली. एक खाचर गोठ्याच्या खालच्या अंगाला, जिथे वर्षानुवर्षं शेणाचं पाणी उतरतं, आणि दुसरं वरच्या टेपाडावरचं मुरमाड. दोन्ही पिशव्यांच्या प्रथिनांत एका टक्क्याहून जास्त फरक निघाला. त्यांना वाटलं तपासणी चुकली. मी पुन्हा केली, फरक तेवढाच. त्यांच्या घरच्या दोन खाचरांत जेवढा फरक होता, तेवढ्यावर तुमचं ताट "पूर्ण" आणि "अपुरं" यांच्या सीमेवर इकडून तिकडे जातंय.

गव्हात हा प्रकार नुसत्या डोळ्यांनीही दिसतो. बन्सी गव्हाचे आठ-दहा दाणे घ्या आणि ब्लेडनं आडवे कापा. ज्या दाण्याला नत्र पुरेसं मिळालं तो आतून काचेसारखा, किंचित पारदर्शक, तांबूस-पिवळा दिसतो. ज्याला कमी पडलं त्याच्यात पांढुरके, पिठूळ डाग असतात, कधी अर्धा दाणा तसा. त्या डागाच्या जागी पिष्ट जास्त आणि प्रथिनं कमी. वर्गात मुलांना दाखवण्यासारखी गोष्ट आहे, एकाच मुठीत दोन्ही प्रकारचे दाणे सापडतात. तांदळाला मात्र ही खूण लावू नका. तांदळाच्या पोटातला पांढरा डाग बहुधा दाणा भरतानाच्या उष्णतेनं पडतो, त्यावरून प्रथिनांचा अंदाज बांधता येत नाही.

गव्हाचा विषय निघालाच आहे तर तुमच्या अमेरिकन तक्त्याचं एक चांगलं मांडते. त्यात नुसता "गहू" अशी ओळ नाही. वसंतात पेरलेल्या कडक लाल गव्हाला 15.4 ग्रॅम दिलेत, हिवाळी मऊ लाल गव्हाला 10.35. आपल्या नव्या तक्त्यात गहू एकच आहे, 10.59. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा एमएसीएस 4028 हा बन्सी जातीचा कोरडवाहू गहू 14.7 टक्क्यांपर्यंत जातो. असा गहू खाणाऱ्या घरातल्या पोळीला तक्त्यातला आकडा लावला तर पाव हिश्श्याहून जास्त प्रथिनं हिशेबातून गळतील. तांदळाच्या बाबतीतही तसंच, अमेरिकन तक्त्यात लांब दाण्याच्या पांढऱ्या तांदळाला 7.13 आणि आखूड दाण्याच्याला 6.5 आहेत. तुम्ही पाहिलेला 7.13 हा लांब दाण्याचा. आपल्याकडच्या पोत्यासाठी तो आकडा खास जवळचाही नाही आणि चुकीचाही नाही.

आता सडण्याबद्दल. दाण्याच्या कोंड्यात आणि कोंड्याच्या लगत आतल्या थरात प्रथिनं जास्त असतात, मधल्या गाभ्यात कमी. म्हणून नव्या तक्त्यात न सडलेल्या तांदळाला 9.16 आहेत आणि सडलेल्याला 7.94. गिरणीत पॉलिश किती दिलं यावर एखाद ग्रॅम इकडेतिकडे होतो. उकड्या तांदळाबद्दल मात्र गैरसमज आहे. कोकणातल्या एका बाईंनी मला लिहिलं होतं की उकड्यात प्रथिनं जास्त म्हणून त्या मुलांना तोच देतात. उकडा चांगलाच आहे, उकडताना ब जीवनसत्त्वं कोंड्यातून दाण्यात उतरतात आणि सडल्यावरही टिकतात. प्रथिनांसाठी मात्र फरक नगण्य, नव्या तक्त्यात सडलेला उकडा 7.81 आहे. तुमच्या पोत्यात पोषणयुक्त तांदळाचे दाणे मिसळलेले असतील तर तेही प्रथिनांच्या हिशेबात वेगळे धरू नका. ते तांदळाच्याच पिठाचे बनवलेले असतात, त्यात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-12 घातलेलं असतं, आणि शंभर किलोत साधारण एक किलो या प्रमाणात ते पडतात. पालक "प्लास्टिकचा तांदूळ" म्हणून ते निवडून टाकायला सांगतात, तेव्हा एवढं त्यांना नक्की सांगा.

नव्या तक्त्यात प्रत्येक आकड्यापुढे अधिक-वजा चिन्ह आहे, ते तुम्ही पाहिलं असेल. तांदळापुढे 7.94 ± 0.58 असं लिहिलंय. हा 0.58 म्हणजे तपासणीतली चूक नव्हे, नमुने एकमेकांपासून किती दूर पडले त्याचं माप आहे. सरासरीच्या दोन्ही बाजूंना एवढं अंतर घेतलं तर 7.36 ते 8.52 मिळतात, आणि ढोबळमानानं तीनातले दोन नमुने या पट्ट्यात येतात. दुप्पट अंतर घेतलं तर 6.78 ते 9.10. बघा, सरांच्या पुस्तकातला 6.8 या मोठ्या पट्ट्याच्या खालच्या काठाशी बसतो. दोन्ही तक्ते एकमेकांना खोटं पाडत नाहीत, ते एकाच पट्ट्यातल्या दोन जागा दाखवतात.

इथे एक खबरदारी. तक्ता करताना देश सहा विभागांत वाटून त्या त्या विभागातल्या बऱ्याच ठिकाणचे नमुने एकत्र मिसळून तपासलेले आहेत. मिसळलं की टोकं झिजतात. म्हणून 0.58 हा विभागांमधला फरक सांगतो, पोत्यापोत्यांतला नाही. एकट्या पोत्यासाठी पट्टा त्याहून रुंद धरायला हवा, निदान खालच्या बाजूनं. मी तुमच्यासाठी 6.5 ते 8.5 धरलाय. वरचं टोक तक्त्याच्या सरासरीत 0.58 मिळवून, आणि खालचं टोक जुना 6.8 आणि आखूड तांदळाचा 6.5 बघून. हा माझा अंदाज आहे, पण डोळे मिटून केलेला नाही.

अजून एक गोष्ट प्रयोगशाळेतली, कारण पुढेमागे तुम्ही पोतं तपासायला पाठवाल. प्रथिनं थेट मोजली जात नाहीत, नत्र मोजलं जातं. साधारण ग्रॅमभर पीठ नळीत घेऊन तीव्र सल्फ्युरिक ॲसिडमध्ये उकळायचं. आधी सगळं काळं फेसाळ होतं, तास-दीड तासात उजळत जातं आणि शेवटी हिरवट-निळं, स्वच्छ पाण्यासारखं होतं. मग त्यातला अमोनिया काढून मोजतात. योहान केल्डाल यांनी कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत 1883 मध्ये ही रीत बसवली, बिअरच्या जवातली प्रथिनं मोजायला. आजही ती चालते. नत्र कळलं की त्याला एका ठरावीक आकड्यानं गुणतात. सर्वसाधारण गुणक 6.25, कारण प्रथिनांत नत्र सुमारे 16 टक्के असतं असं धरलंय. तांदळाच्या प्रथिनांत ते जरा जास्त असतं, म्हणून तांदळाचा खास गुणक 5.95 आहे. समजा तुमच्या तांदळात 1.28 टक्के नत्र निघालं. एक प्रयोगशाळा 8.0 ग्रॅम प्रथिनं लिहील, दुसरी 7.6, आणि दोघींच्याही नळीत तेच पाणी होतं.

ओलाव्याबद्दलही अशीच अडचण येते. माझ्याच हातून एकदा वसतिगृहासाठी दिलेल्या अहवालात "कोरड्या वजनावर" हे दोन शब्द लिहायचे राहिले. आकडा होता 9.1. तांदळात 12 टक्के ओलावा होता, म्हणजे भांड्यात पडणाऱ्या तांदळाला तो 8.0 होतो. त्यांनी 9.1 धरून महिन्याचा आहार बसवला आणि डाळ कमी केली. दोन महिन्यांनी माझ्या लक्षात आलं, मी स्वतः जाऊन सांगितलं. तेव्हापासून अहवालावर ओलावा, गुणक आणि कोणत्या वजनावर मोजलं, या तीन गोष्टी नसतील तर मी तो आकडा वापरत नाही. तुम्हीही मागून घ्या. आणि नमुना पाठवाल तेव्हा एकाच पोत्याच्या तोंडाशी असलेले दोन मूठ तांदूळ पाठवू नका. चार-पाच पोत्यांच्या वरून, मधून, खालून थोडे थोडे काढा, चादरीवर नीट कालवा, मग त्यातले अर्धा किलो पाठवा.

चला, आता तुमचं ताट मांडू. सगळं कच्च्या वजनावर. शिजवलेल्या भाताचा आकडा यात मिसळू नका. शिजल्यावर पाणी शिरून भात अडीच-तीनपट होतो आणि 100 ग्रॅम भातात जेमतेम पावणेतीन ग्रॅम प्रथिनं उरतात. कच्च्या तांदळाच्या वजनाला शिजलेल्या भाताचा आकडा लावला की हिशेब तिसऱ्या हिश्श्यावर येतो, आणि उलट केलं की तिप्पट होतो. मुलांच्या डब्यांचे हिशेब करणाऱ्या पालकांची ही चूक मी सगळ्यात जास्त वेळा पाहिलीय.

100 ग्रॅम तांदळाचे 6.5 ते 8.5 ग्रॅम. तूरडाळ तक्त्यात 21.70 आहे, जुन्या पुस्तकात 22.3, आपण 20 ते 23 धरू, म्हणजे 20 ग्रॅम डाळीचे 4.0 ते 4.6. नियमाप्रमाणे 50 ग्रॅम भाजी पडते, ती तुम्ही हिशेबात धरली नव्हती. भोपळा किंवा बटाटा असेल तर अर्धा ग्रॅम, पालक असेल तर एक. बेरीज केली की खालचं टोक 11.0 आणि वरचं 14.1. फळ्यावरचे 11 आणि 14 ते हे.

आता या बेरजेकडे जरा निरखून बघा. पट्ट्याची रुंदी तीन ग्रॅमची आहे, त्यातले दोन ग्रॅम एकट्या तांदळाचे. डाळीचा वाटा अर्ध्या-पाऊण ग्रॅमचा. म्हणून डाळीला 21.70 धरू की 22.3 यावर तुम्ही आणि सरांनी वाद घालायचं काही कारण नाही, त्यानं ताट बदलत नाही. सगळी टोकं एकाच दिवशी खाली येतील असंही सहसा होत नाही, त्या अर्थानं 11 हा जरा कडक आकडा आहे. पण ताटात तांदळाचा वाटा इतका मोठा आहे की फारसा आधार दुसऱ्या कशाचा मिळत नाही. एक पोतं उघडलं की ते संपेपर्यंत मुलं त्याच तांदळाची खिचडी खातात. पोतं खालच्या टोकाचं निघालं तर ते सगळे दिवस खालच्या टोकाचे. वर्षभरात पाच-पन्नास पोती बदलली की कमी-जास्त एकमेकांना भरून काढतात आणि वर्षाची सरासरी मधल्या आकड्याजवळ, साडेबाराच्या आसपास, येते. गुणकाची किंवा कच्च्या-शिजलेल्याची चूक मात्र अशी भरून निघत नाही. ती रोज एकाच बाजूला चुकते, म्हणून तिला पट्ट्यात ढकलून सोडून देता येत नाही, ती शोधून काढावीच लागते.

तुमची अट "निदान 12" अशी आहे. "निदान" हा शब्द असला की पट्ट्याचं खालचं टोक बघायचं, मधला आकडा नाही. खालचं टोक 11 वर आहे, म्हणजे तुमच्या पदरात एका ग्रॅमची तूट धरा. ती भरायला प्रत्येक मुलामागे 5 ग्रॅम डाळ वाढली तरी पुरतं. 5 ग्रॅम डाळीचं खालच्या टोकाला एक ग्रॅम प्रथिन येतं आणि पट्टा बरोबर 12 पासून सुरू होतो. साठ मुलांच्या शाळेत हे रोजचे 300 ग्रॅम होतात. डाळ वाढवून मिळत नसेल तर तेवढ्याच वजनाचं शेंगदाण्याचं कूट खिचडीत घाला, शेंगदाण्यात प्रथिनं डाळीपेक्षा कमी नाहीत. तिथी भोजनाला गावातलं कुणी शिरा-पुरी द्यायला आलं तर त्यांच्याकडे महिन्याचे शेंगदाणे मागा, असं मी शाळा व्यवस्थापन समितीला आवर्जून सांगेन. अंडं मिळत असेल त्या दिवशी सहा ग्रॅमच्या वर भर पडते आणि मग तांदूळ कुठल्या टोकाचा आहे याची त्या दिवशी काळजीच नको.

त्याआधी एक काम करा. स्वयंपाक करणाऱ्या ताई डाळ कशानं मोजतात ते बघा आणि ते माप काट्यावर ठेवा. माझ्या ओळखीच्या एका शाळेत डाळीचा डबा काठोकाठ भरला की किलो होतो असं सगळे धरून चालले होते, काट्यावर तो पाऊण किलो निघाला. मुलामागे 20 च्या जागी 15 ग्रॅम डाळ पडत होती, म्हणजे रोज एक ग्रॅम प्रथिन कमी. तांदळाच्या वाणावरून, जमिनीवरून जेवढी अनिश्चितता आपण धरली तिच्या निम्मी तूट एका डब्यात होती, आणि ती भरून काढायला कुणाची मंजुरी लागत नव्हती.

तुमच्या घरी किंवा शेजारी कुणी मूत्रपिंडाचे रुग्ण असतील आणि डॉक्टरांनी "याहून जास्त प्रथिनं नकोत" असा आकडा दिला असेल, तर हाच पट्टा उलट बाजूनं वाचायचा. तिथे वरचं टोक धरतात, आणि घरचा गहू बन्सी असेल तर ते आहारतज्ज्ञांना आधी सांगावं लागतं.

फळ्यावर पट्ट्याच्या खाली छोट्या अक्षरांत "कच्च्या वजनावर : तांदूळ 100, तूरडाळ 20, भाजी 50 ग्रॅम" एवढं जरूर लिहा. नवीन पोतं आलं म्हणून वरचे आकडे बदलू नका. डाळीचं माप बदललं, किंवा तूर जाऊन मूग-मटकी आली, की बदला.